ईमेल पत्रिकेचे जुने अंक गूगलवर सापडत नाहीत: विषयओळ आणि पानाचे शीर्षक वेगळे कसे करावे

लक्षणे

ही तक्रार माझ्याकडे बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘तीन वर्षांचे अंक संकेतस्थळावर आहेत, पण गूगलवरून कोणी येतच नाही.’ थोडे खोदून विचारले की बाकीची लक्षणे बाहेर येतात. पत्रिकेचे नाव टाकून शोधले तर मुखपृष्ठ सापडते, पण ज्या विषयावर अख्खा अंक लिहिला आहे तो विषय टाकला तर अंक दिसत नाही. दिसलाच तर निळ्या ओळीत ‘हे वाचलंत का?’ किंवा ‘एक छोटीशी चूक, मोठा भुर्दंड’ असे काहीतरी असते आणि त्याखालच्या दोन ओळींत ‘हा ईमेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ असा मजकूर असतो. काही वेळा सगळ्याच अंकांचे शीर्षक एकसारखे, पत्रिकेचे नाव आणि अंकाचा क्रमांक एवढेच असते. पत्रिकेचे जुने वर्गणीदारही ‘तो भाडेकरूंवरचा अंक पुन्हा पाठवाल का?’ असे पत्र पाठवतात, कारण त्यांनाही तो शोधून सापडत नाही. हे शेवटचे लक्षण मी सर्वांत गंभीर मानतो.

दोष कोठे असतो

बहुसंख्य प्रकरणांत कारण एकच असते. पत्रिका पाठवणारी प्रणाली ईमेलची विषयओळ, म्हणजे सब्जेक्ट लाइन, उचलते आणि तीच संग्रहातल्या पानाचे शीर्षक म्हणून लावते. विषयओळ ज्याच्यासाठी लिहिलेली असते त्याला पाठवणाऱ्याचे नाव दिसत असते, तारीख दिसत असते आणि ही पत्रिका कशाबद्दल आहे हे आधीपासून ठाऊक असते. म्हणून ‘तुम्ही हे विसरलात का?’ एवढे त्याला पुरते. शोधून येणारा माणूस यांपैकी काहीच जाणत नाही. त्याच्यासमोर दहा अनोळखी पानांची शीर्षके असतात आणि त्यांतले आपल्या प्रश्नाचे कोणते हे त्याला त्या एका ओळीवरून ठरवायचे असते.

पुढच्या तपासण्या फुकट आणि दोन मिनिटांच्या कामापासून सुरू होतात व क्रमाने अवघड होत जातात. मधली पायरी गाळून पुढे उडी मारू नये, कारण आधीच्या पायरीवर दोष असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

उदाहरण म्हणून मी सांभाळलेल्या एका पाक्षिक पत्रिकेचे घेतो. ती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी मराठीत निघते. तिच्या एका अंकाची विषयओळ होती ‘भाडेकरू ठेवलाय? मग हे वाचाच!’ आणि अंकाचा विषय होता सदनिका भाड्याने दिल्यावर संस्था सभासदाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्याची कमाल मर्यादा.

पहिली तपासणी: पानाचे शीर्षक प्रत्यक्ष पाहावे

संगणकावर अंकाचे पान उघडावे, शक्यतो ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे आपण लॉगिन केलेले नसताना परक्या माणसाला काय दिसते ते कळेल. पान उघडण्याऐवजी वर्गणीची चौकट समोर आली, तर शीर्षकाचा प्रश्न नंतरचा आहे. आधी तो अंक सर्वांना वाचता येईल असा खुला करायचा की नाही हे ठरवावे लागेल.

पान उघडले तर ब्राउझरच्या टॅबवर माउस नेऊन थांबावे. तेथे जी ओळ दिसते ते पानाचे शीर्षक. नंतर `Ctrl+U` दाबून पानाचा स्रोत उघडावा आणि त्यात `<title>` व `description` हे दोन शब्द शोधावेत. आमच्या अंकाच्या पानावर हे सापडले:

```html
<title>भाडेकरू ठेवलाय? मग हे वाचाच!</title>
<meta name="description" content="">
```

वर्णनाची जागा रिकामी होती आणि शीर्षकात शुल्क, मर्यादा, संस्था, सदनिका यांपैकी एकही शब्द नव्हता. ज्या सभासदाला जास्त बिल आले आहे तो यांपैकीच काहीतरी लिहून शोधणार, हे उघड आहे.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. लोक पानाचा दुवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात, तेथे शीर्षक छान दिसते आणि ते निश्चिंत होतात. व्हॉट्सॲपवर दिसणारी ओळ `og:title` या वेगळ्या टॅगमधून येते आणि ती बरोबर असली म्हणून `<title>` बरोबर असेलच असे नाही. म्हणजे एकाच अंकाला विषयओळ, पानाचे शीर्षक आणि सामायिक करतानाचे शीर्षक अशी तीन नावे असू शकतात. ती तिन्ही वेगळी असण्यात काहीच गैर नाही. पहिल्याची नक्कल नकळत बाकीच्या दोन जागी गेलेली असते, ही खरी अडचण.

दुसरी तपासणी: पान गूगलच्या नोंदीत तरी आहे का

गूगलच्या शोधचौकटीत `site:` लिहून त्याला चिकटून अंकाचा पूर्ण पत्ता टाकावा. पान आले तर ते नोंदीत आहे. आले नाही तर मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण हा शोध सगळी पाने दाखवेलच याची हमी नसते. पक्के उत्तर हवे असेल तर संकेतस्थळाच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या सर्च कन्सोल या साधनात `URL Inspection` या ठिकाणी तो पत्ता टाकावा. सर्च कन्सोल फुकट आहे. संकेतस्थळ आपले असल्याचे एकदा सिद्ध करावे लागते, एवढेच.

तेथे `Excluded by ‘noindex’ tag` असे उत्तर आले तर शीर्षक कितीही सुंदर लिहा, उपयोग शून्य. पानच गूगलला ‘माझी नोंद घेऊ नका’ असे सांगत आहे. पानाच्या स्रोतात अशी ओळ सापडते:

```html
<meta name="robots" content="noindex">
```

ही ओळ कोणी मुद्दाम टाकलेली असतेच असे नाही. पत्रिका सुरू करताना चाचणीचे अंक लोकांना दिसू नयेत म्हणून कोणीतरी ‘शोधयंत्रांपासून लपवा’ असा पर्याय निवडतो आणि पहिला अंक निघाल्यावर तो काढायचे राहून जाते. प्रणालीच्या सेटिंगमध्ये तो पर्याय शोधून बंद केला की काम झाले. हीच ओळ सेटिंगमध्ये नाही, स्रोतातही नाही आणि तरीही सर्च कन्सोल `noindex` म्हणत असेल, तर ती बहुधा सर्व्हर पानासोबत जी न दिसणारी माहिती पाठवतो तिच्यातल्या `X-Robots-Tag` या शीर्षलेखातून येत असते. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

`Crawled – currently not indexed` हे उत्तर वेगळे आहे. गूगलने पान पाहिले, पण ठेवण्याजोगे मानले नाही. ज्या अंकांत चार ओळींची प्रस्तावना आणि खाली बाहेरच्या बातम्यांचे दुवे एवढेच असते, त्यांच्या वाट्याला हे उत्तर पुष्कळदा येते. अशा अंकांच्या शीर्षकावर वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतला जो विषय खरोखर टिकाऊ आहे त्यावर वेगळा, पुरेसा मजकूर लिहावा आणि बाकीचे अंक जसे आहेत तसे राहू द्यावेत.

तिसरी तपासणी: वेगळे रकाने आहेत का आणि ते भरले आहेत का

बहुतेक नव्या प्रणालींत शोधासाठीचे शीर्षक व वर्णन यांचे वेगळे रकाने असतात. ते रिकामे ठेवले की प्रणाली अंकाचे नावच तेथे वापरते आणि पुष्कळ संपादकांना असे रकाने आहेत हेच माहीत नसते. सबस्टॅकवर लेखाच्या सेटिंगमध्ये `SEO title` व `SEO description` हे रकाने आहेत. घोस्टमध्ये `Meta title` व `Meta description` असे रकाने असून ईमेलची विषयओळ त्यांच्यापासून निराळी ठेवता येते. वर्डप्रेसवर हे रकाने सहसा एखाद्या एसईओ प्लगइनमधून मिळतात. मेलचिंपची गोष्ट वेगळी आहे. तेथील अनेक साच्यांत पानाचे शीर्षक असे लिहिलेले असते:

```html
<title>*|MC:SUBJECT|*</title>
```

म्हणजे विषयओळच शीर्षक होणार, हे साच्यातच ठरलेले. अशा पत्रिकांचे जुने अंक दुरुस्त करण्यात मी शक्ती घालवत नाही. जे अंक टिकाऊ विषयांवर आहेत त्यांचा मजकूर स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी पाने करून ठेवतो आणि संग्रह तेथूनच चालवतो.

रकाना सापडला की त्यात काय लिहायचे हा खरा प्रश्न आहे आणि तेथे घाई करू नये. मी आधी तो अंक पुन्हा वाचतो आणि कोणत्या प्रश्नाला हा अंक उत्तर देतो, हे कागदावर एका वाक्यात लिहितो. आमच्या अंकाचे वाक्य असे झाले: ‘सदनिका भाड्याने दिली तर संस्था जास्तीत जास्त किती बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते?’ असे वाक्य लिहिताच आले नाही तर त्या अंकात बहुधा तीन वेगवेगळे विषय कोंबलेले असतात. मग त्यांतला सर्वांत सविस्तर विषय शीर्षकाला घ्यावा आणि दुसरा वर्णनात यावा.

त्यानंतर शब्दांची निवड. ‘बिनभोगवटा शुल्क’ हा शब्द उपविधींच्या मराठी प्रतीत असतो, पण सभासद आपापसांत बोलताना आणि शोधताना ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ म्हणतात. मराठी पत्रिकांत हा पेच पावलोपावली येतो. संपादक शुद्ध शब्द वापरतो, वाचक बोलीतला शब्द शोधतो आणि दोघांची गाठ पडत नाही. आपल्या वाचकांचे शब्द कोणते हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. सर्च कन्सोलच्या `Performance` अहवालात, `Queries` या यादीत, लोकांनी खरोखर टाइप केलेले शब्द दिसतात आणि तेथे मागच्या सोळा महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. मी दोन्ही शब्द ठेवतो, बोलीतला आधी आणि उपविधीतला नंतर. आमच्या पानाचे नवे रूप असे झाले:

```html
<title>नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस किती घेता येतात? बिनभोगवटा शुल्काची मर्यादा</title>
<meta name="description" content="सदनिका भाड्याने दिल्यास गृहनिर्माण संस्था सेवा शुल्काच्या कमाल १० टक्के बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार उदाहरणासह हिशेब.">
```

ईमेलची विषयओळ मात्र ‘भाडेकरू ठेवलाय? मग हे वाचाच!’ हीच राहिली. ती वर्गणीदारांना आवडली होती आणि तिला हात लावण्याचे काही कारण नव्हते.

वर्णनात उत्तरच देऊन टाकले तर पानावर कोण येईल, असा आक्षेप त्या पत्रिकेच्या संपादिकेनेही घेतला होता. माझा अनुभव उलट आहे. दहा टक्के हा आकडा वाचून ज्याचे समाधान होते त्याला पानाची गरजच नव्हती. ज्याच्या बिलात सेवा शुल्क २,४०० रुपये आणि एकूण रक्कम ४,१०० रुपये आहे आणि संस्थेने एकूण रकमेवर ४१० रुपये लावले आहेत, त्याला मात्र ‘कर धरायचे नाहीत’ एवढे वाचताच आपला हिशेब तपासावासा वाटतो, कारण त्याच्याकडून २४० रुपयेच घ्यायला हवे होते. तो पानावर येतो आणि समितीला दाखवण्यासाठी तो दुवा जपूनही ठेवतो. वर्णनामुळे पान वरच्या क्रमांकावर जात नाही. त्याचे काम आलेल्या माणसाने आपले पान निवडावे एवढेच आहे. शिवाय गूगल दर वेळी आपले वर्णन दाखवतेच असेही नाही. शोधाला अधिक जुळणारे वाक्य पानात सापडले तर ते दाखवते.

लांबीबद्दल फार काटेकोर राहण्याचे कारण नाही. घोस्टमध्ये शीर्षकासाठी ६० आणि वर्णनासाठी १४५ अक्षरांची शिफारस दिसते, पण गूगल अक्षरे मोजत नाही. पडद्यावर मावेल तेवढे दाखवून बाकीचे कापते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी यांचीही संगणक वेगळी अक्षरे म्हणून मोजदाद करतो, त्यामुळे मोजणाऱ्या चौकटीतला आकडा लवकर लाल होतो. त्याला घाबरू नये. ओळखीचा शब्द पहिल्या चार शब्दांत आला आणि पत्रिकेचे नाव शेवटी गेले की पुरे.

आणखी एक गोष्ट काळाची. ‘यंदा’, ‘या आठवड्यात’, ‘आता उरले फक्त चार दिवस’ हे शब्द ईमेलमध्ये शोभतात, कारण ते ईमेल त्याच दिवशी वाचले जाते. पानावर हेच शब्द सहा महिन्यांत शिळे होतात. याच पत्रिकेचा वार्षिक सर्वसाधारण सभेवरचा अंक ‘उरले फक्त चार दिवस!’ या विषयओळीने गेला होता. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून सूचना काढायला चार दिवस उरले असा त्याचा अर्थ होता. पानाचे शीर्षक आम्ही ‘गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा: सूचना किती दिवस आधी द्यावी?’ असे केले, जे दर वर्षी लागू पडते. जेथे विषयच एका वर्षापुरता असतो तेथे ते वर्ष आकड्यांत लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा वाचक फसणार नाही.

सगळे अंक एका बैठकीत दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. टिकाऊ विषयांचे दहा अंक निवडून त्यांचे रकाने भरावेत, `URL Inspection` मधून `Request Indexing` करावे आणि थांबावे. गूगलला पान पुन्हा पाहण्यासाठी काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. दुसऱ्याच दिवशी फरक दिसला नाही म्हणून शीर्षक पुन्हा बदलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना कोणत्या बदलाने काय झाले हे कधीच कळत नाही.

चौथी तपासणी: शीर्षक बदलले, तरी गूगल जुनेच दाखवते

महिन्याभरानंतरही शोधात विषयओळच दिसत असेल तर पानावरचा मोठा मथळा पाहावा. गूगल नेहमी `<title>` जसेच्या तसे घेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये शीर्षके ठरवण्याची पद्धत त्यांनी बदलली आणि त्यानंतरच्या महिन्यात, सुमारे ८७ टक्के वेळा पानाचेच शीर्षक वापरले जाते, असे जाहीर केले. उरलेल्या वेळी पानावरचा मुख्य मथळा, इतर ठळक मजकूर किंवा पानाकडे येणाऱ्या दुव्यांचे शब्द यांतून ओळ घेतली जाते. आपण रकाना बदलला, पण पानाच्या माथ्यावर `<h1>` मध्ये ‘भाडेकरू ठेवलाय?’ हेच मोठ्या अक्षरांत राहिले आणि संग्रहाच्या यादीतही प्रत्येक दुव्याचे नाव विषयओळच राहिले, तर दोन ठिकाणी तीच साक्ष मिळते आणि तिसरी एकटी पडते. म्हणून मुख्य मथळाही बदलावा, निदान विषयओळीखाली स्पष्ट उपमथळा तरी द्यावा, आणि यादीतले दुवे नव्या शीर्षकाने दाखवावेत. सगळ्या अंकांना एकच शीर्षक असेल तर दोष बहुधा संकेतस्थळाच्या शीर्षकाच्या साच्यात असतो. त्यात अंकाचे नाव आधी आणि पत्रिकेचे नाव नंतर येईल असा बदल करावा.

वर्णनाच्या जागी ‘हा ईमेल नीट दिसत नसल्यास’ असा मजकूर येत असेल तर ईमेलचा सांगाडा जसाच्या तसा पानावर उतरला आहे असे समजावे. ईमेलच्या माथ्यावर वर्गणीदाराच्या इनबॉक्समध्ये दिसण्यासाठी लपवलेली एक ओळ आणि पाठोपाठ मोकळ्या जागा भरणारी चिन्हे असतात. पानावर त्यांचे काही काम नसते. साचा आपल्या हातात असेल तर संकेतस्थळाच्या आवृत्तीतून हा भाग काढून टाकावा. काढता येत नसेल तर त्याला असे कुंपण घालावे:

```html
<div data-nosnippet>हा ईमेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा</div>
```

गूगल शोधातल्या उताऱ्यासाठी या कुंपणातला मजकूर वापरत नाही. कुंपण चुकून अख्ख्या अंकाभोवती घातले तर उताराच नाहीसा होईल, म्हणून `</div>` कोठे बंद झाला आहे हे दोनदा पाहावे.

पाचवी तपासणी: पानाचा पत्ता

पत्त्यातले शब्द, म्हणजे स्लग, हे शीर्षकाइतके महत्त्वाचे नाहीत, पण मराठीत येथे दोन खोड्या हमखास सापडतात. काही प्रणाली पत्ता तयार करताना अक्षर नसलेली सगळी चिन्हे गाळतात आणि त्यांच्या लेखी काना, मात्रा व हलन्त ही अक्षरे नव्हेत. मग ‘बिनभोगवटा शुल्क’ याचा पत्ता `बनभगवट-शलक` असा होतो. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा कोणीतरी घाईत टाइप केले असावे असे मला वाटले होते.

दुसरी खोड वर्डप्रेसची. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचे होते आणि वर्डप्रेस स्लगला २०० अक्षरांची मर्यादा घालते. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हे मावतात. ‘बिनभोगवटा शुल्काची मर्यादा’ हा पत्ता नेमका `बिनभोगवटा-शुल्काची-मर्या` येथे तुटतो. असा पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते आणि लोक तिला घाबरतात. नव्या अंकांसाठी मी छोटा रोमन पत्ता हाताने लिहितो:

```
/ank/non-occupancy-charges-maryada
```

जुन्या अंकांचे पत्ते मात्र केवळ शोभेसाठी बदलू नयेत. पाठवलेल्या शेकडो ईमेलमध्ये जुनाच दुवा आहे आणि तो परत घेता येत नाही. बदलणे अटळच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे, म्हणजे ३०१ प्रकारचे पुनर्निर्देशन लावावे आणि एखादा जुना ईमेल उघडून त्यातला दुवा स्वतः दाबून पाहावा.

सहावी तपासणी: एकाच अंकाच्या दोन प्रती

पत्रिका पाठवणाऱ्या सेवेवर एक प्रत आणि स्वतःच्या संकेतस्थळावर दुसरी, असे पुष्कळांचे असते. गूगल दोहोंतली एक निवडते आणि ती आपण दुरुस्त केलेलीच असेल याचा नेम नाही. `URL Inspection` मध्ये `Google-selected canonical` या ओळीत कोणता पत्ता आहे ते पाहावे. तेथे सेवेच्या संग्रहाचा पत्ता दिसला तर आपल्या पानावरची दुरुस्ती कोणाला दिसतच नाही. सेवेवरची प्रत बंद करता येत असेल तर करावी. नसेल तर तिच्या सेटिंगमध्ये मूळ पानाचा पत्ता देण्याची सोय आहे का ते पाहावे. घोस्टमध्ये `Canonical URL` असा रकानाच आहे. पानाच्या स्रोतात ती ओळ अशी दिसते:

```html
<link rel="canonical" href="https://example.org/ank/non-occupancy-charges-maryada">
```

ही ओळ सगळ्या अंकांवर मुखपृष्ठाचाच पत्ता दाखवत असेल तर तो मोठा दोष आहे, कारण मग प्रत्येक अंक ‘मी मुखपृष्ठाचीच प्रत आहे’ असे सांगत राहतो. साच्यात एका जागी झालेल्या चुकीमुळे हे घडते. मी दोनदा पाहिले आहे आणि दोन्ही वेळा शीर्षकांवर आठवडे घालवून झाल्यानंतर ते लक्षात आले.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

येथवरची कामे संपादकाला स्वतः करता येतात. पुढील प्रसंगी मात्र हात आवरावा. `noindex` सर्व्हरच्या शीर्षलेखातून येत असेल तर ते होस्टिंग सांभाळणाऱ्या माणसाचे काम आहे. सर्व्हरच्या फाइलमध्ये एक ओळ चुकली तर पूर्ण संकेतस्थळ बंद पडू शकते. साच्यातला कॅनॉनिकल चुकीचा असेल आणि साच्याचा कोड आपण लिहिलेला नसेल तर संकेतस्थळ बनवणाऱ्याला बोलवावे. एका सेवेकडून दुसरीकडे शंभर-दोनशे अंक हलवायचे असतील तर प्रत्येक जुन्या पत्त्याला नवा पत्ता जोडणारा तक्ता आणि पुनर्निर्देशने लागतात. ते हाताने करू नये. आणि सर्च कन्सोलमध्ये `Security issues` किंवा `Manual actions` या सदराखाली काही इशारा आला असेल तर शीर्षके बाजूला ठेवून त्याच दिवशी जाणकाराला गाठावे, कारण संकेतस्थळात कोणीतरी शिरलेले असण्याची शक्यता असते.

बोलावताना ‘आमचे अंक गूगलवर येत नाहीत’ एवढेच सांगितले तर तो पहिल्यापासून सुरुवात करील आणि तेवढ्या वेळाचे पैसे घेईल. त्याऐवजी एका बिघडलेल्या अंकाचा पत्ता, त्याच्या पानाचा `<title>`, `URL Inspection` मध्ये आलेले उत्तर जसेच्या तसे आणि आपण कोणत्या तारखेला काय बदलले याची टिपण एकत्र करून पाठवावी.